कॉफीच्या मळ्यात चार रात्री : चिकमगळूरच्या सुट्टीचा बेत कसा आखावा

चिकमगळूर, मूडिगेरे, सकलेशपूर या पट्ट्यात सुट्टीला जाणारी बहुतेक मंडळी कॉफीच्या मळ्यात मुक्काम करतात आणि कॉफी सोडून सगळं बघतात. सकाळी नाश्ता उरकून गाडी काढायची, धबधबा, शिखर, देऊळ करत अंधार पडताना परतायचं. मळ्यातलं खरं काम सकाळी आठच्या आत आणि दुपारी चारच्या पुढे पाहायला मिळतं, आणि नेमका तोच वेळ रस्त्यात जातो. म्हणून बेत आखताना आधी मळ्याचं वेळापत्रक समजून घ्यावं आणि बाकीच्या गोष्टी त्यात बसतील तेवढ्याच घ्याव्यात.

इथे चिकमगळूर जिल्हा धरला आहे. मुंबई-पुण्याहून तो एका रात्रीच्या प्रवासावर आहे. भारतातल्या कॉफीची सुरुवातही याच डोंगरात झाली असं मानतात. सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणल्या, अशी आख्यायिका आहे. कोडगूला जाणार असाल तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. विदर्भातल्या वाचकांसाठी एक आठवण : चिखलदऱ्यालाही कॉफीची थोडी लागवड आहे. ती एका दिवसात पाहून होते, पण इथे सांगितलेला अनुभव तिथे मिळणार नाही.

महिना आधी, तारीख नंतर

वर्षातून दोनच काळ खास जाण्यासारखे आहेत : तोडणीचा आणि फुलोऱ्याचा.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची त्यामागून, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत. अरेबिका उंचावर, साधारण 1000 ते 1500 मीटरवर लावतात. रोबस्टा त्याखालच्या उबदार भागात. पहिल्यांदा जाणाऱ्याने डिसेंबरचा दुसरा आठवडा धरावा. अरेबिकाची मुख्य तोडणी चालू असते, खळ्यावर वाळवण पसरलेलं असतं, रात्री 13 ते 15 अंशांची छान थंडी असते आणि नाताळची गर्दी अजून आलेली नसते. 23 डिसेंबर ते 2 जानेवारी हे दिवस मात्र टाळाच. भाडी चढतात हे झालंच, पण त्याहून मोठी अडचण ही की मळ्याचे मालक पाहुण्यांत गुंततात आणि तुम्हाला तोडणी, यंत्र, हौद दाखवायला कुणाला सवड नसते.

फुलोरा मार्च-एप्रिलमध्ये. कॉफीच्या कळ्या तयार होऊन थांबून राहतात आणि वळवाचा एक चांगला पाऊस, साधारण इंचभर, पडला की आठ-दहा दिवसांनी सगळा मळा एकदम पांढरा होतो. वास जाई-जुईसारखा. पण हे तीन-चार दिवसच टिकतं, नंतर फुलं तपकिरी पडतात. त्यामुळे फुलोऱ्याचं आगाऊ आरक्षण करणं म्हणजे जुगार. त्यातून वाट अशी : मळ्याच्या मालकाशी आधी बोलून ठेवा, पाऊस पडला की त्यांनी फोन करावा, आणि पावसाच्या सातव्या-आठव्या दिवशी तुम्ही निघावं. एवढी मोकळीक नसेल तर रोबस्टाचा मळा शोधा. पाण्याची सोय असलेले मळेवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषार सिंचनाने रोबस्टाला स्वतःच फुलवतात, त्यामुळे त्याचा दिवस आधी सांगता येतो.

जून ते सप्टेंबर हिरवाई डोळ्यांत मावत नाही आणि खोल्याही स्वस्त मिळतात, पण कॉफी पाहायला जात असाल तर काहीच घडत नसतं. शिवाय जळवा, दिवसदिवस गेलेली वीज, आणि घाटात कोसळलेल्या दरडी. ऑक्टोबरातही जळवा असतात. उंच मोजे घालून त्यांच्या वरच्या काठावर ओलं मीठ चोळलं की बऱ्याच अंशी निभावतं.

मळा निवडताना फोनवर काय विचारायचं

‘कॉफी एस्टेट’ अशी पाटी लावलेल्या जागा दोन प्रकारच्या. काही ठिकाणी रिसॉर्ट असतं आणि भोवती शोभेपुरती झाडं. काही ठिकाणी चालता मळा असतो आणि त्यातल्या जुन्या बंगल्याच्या चार-सहा खोल्या पाहुण्यांना देतात. फोटोंवरून फरक कळत नाही, प्रश्नांवरून लगेच कळतो. तुमचा स्वतःचा पल्पर, म्हणजे फळांची साल काढणारं यंत्र, आहे का? खळं बंगल्यापासून किती लांब? या आठवड्यात तोडणी कुठल्या भागात चालू आहे? चालत्या मळ्याचा माणूस या प्रश्नांवर खूश होऊन दहा मिनिटं बोलतो. रिसॉर्टवाला म्हणतो, ‘सगळी व्यवस्था आहे, तुम्ही या तर खरं.’

पुढचा प्रश्न आठवड्याच्या सुट्टीचा. कामगारांची सुट्टी बऱ्याच ठिकाणी रविवारी असते, काही ठिकाणी गावच्या बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी तोडणी नाही, म्हणजे संध्याकाळी पल्परही चालणार नाही. शनिवार-रविवार जोडून गेलेला पाहुणा निम्मा मुक्काम बंद मळ्यात काढतो आणि ‘तिथे विशेष काही नव्हतं’ म्हणत परततो. सुट्टीचा दिवस प्रवासात घालवा आणि मधे कामाचे तीन दिवस सलग मिळवा.

भाडं माणशी आहे की खोलीमागे, आणि त्यात किती वेळचं जेवण येतं, हे स्पष्ट करून घ्या. आसपास हॉटेल नसतं, त्यामुळे जेवणासकटचा दर वरवर जास्त दिसला तरी बहुधा तोच परवडतो. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. अक्की रोटी, नीर डोसा, कडबू यांवर चार दिवस मजेत निघतात, पण आयत्या वेळी सांगितलं की स्वयंपाकघराची पंचाईत होते. ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचं काय, हेही त्याच फोनवर विचारावं.

शेवटचा प्रश्न रस्त्याचा, आणि इथे फसगत फार होते. मोठ्या मळ्याला तीन-चार फाटकं असतात. नकाशा सगळ्यांत जवळच्या फाटकाशी नेऊन सोडतो, ते बंद असतं आणि मोबाईलला रेंज नसते. म्हणून फाटकाची खूण, शेवटच्या गावाचं नाव आणि कच्च्या रस्त्याचं अंतर कागदावर लिहून घ्या. ‘कार येते ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘खाली घासेल का?’ असं विचारा. घासणार असेल तर गाडी शेवटच्या गावात लावून मळ्याच्या जीपने जाणं शहाणपणाचं. काहीही झालं तरी दुपारी चारच्या आत पोहोचायचंच. त्याचं कारण खाली येतंच आहे.

जायचं कसं

मुंबई आणि कोकणातल्या लोकांना मंगळूरूमार्गे सोयीचं. मत्स्यगंधा एक्सप्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी सुटते आणि सकाळी मंगळूरूला पोचवते. तिथून चारमाडी घाट चढून मूडिगेरे सुमारे 120 किलोमीटर, चहापाण्यासकट चार तास धरा. घाट वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना मंगळूरूत भरपेट नाश्ता देऊ नका, दोन इडल्या पुरेत. पावसाळ्यात या घाटात दरडींमुळे वाहतुकीवर निर्बंध येतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी हवीच.

पुणे, सातारा, कोल्हापूरकरांना हुबळीमार्गे बंगळूरूकडे जाणाऱ्या गाड्या जवळच्या. बिरूर किंवा कडूर स्टेशनला उतरायचं. कडूरहून चिकमगळूर सुमारे 40 किलोमीटर. तुमची गाडी या दोन्हींपैकी कुठे थांबते ते तिकीट काढतानाच पाहा. स्वतःची गाडी काढली तर पुण्याहून सातशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एका दमात करू नका, हुबळी किंवा दावणगेरेला रात्र काढा. थकून पोचलेल्या माणसाचा पहिला दिवस झोपण्यात जातो.

एक बेत, तपशिलासकट

मुंबईचं एक कुटुंब धरू : नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी. मुक्काम मूडिगेरेजवळ, डिसेंबरचा दुसरा आठवडा, मळ्याची सुट्टी रविवारी.

शनिवारी दुपारी गाडी, रविवारी सकाळी मंगळूरू, दुपारी दोनपर्यंत मळ्यात. जेवण, झोप, संध्याकाळी बंगल्यापासून खळ्यापर्यंत एक फेरी. बस्स. त्या संध्याकाळी एकच काम करायचं : मळ्याच्या रायटरची गाठ घ्यायची. रायटर म्हणजे मजूर, माप आणि हिशेब सांभाळणारा माणूस. उद्या तोडणी कुठे आहे, वजन किती वाजता, पल्पर कधी सुरू होणार, हे मालकापेक्षा तो नेमकं सांगतो. कन्नड येत नसेल तर ‘नाळे कोय्लू इदेया?’ (उद्या तोडणी आहे का?) एवढं म्हटलं तरी काम भागतं.

सोमवारी साडेसहाला व्हरांड्यात कॉफी. यावेळी धुकं असतं आणि बाहेर पडायची घाई करायची नसते. साडेसातच्या सुमाराला, मळ्यातल्या माणसाबरोबर, दोन-अडीच किलोमीटरची फेरी. आजींसाठी त्यातला सपाट जीपरस्त्याचा भाग पुरे. साडेनऊला नाश्ता. मग दुपारी साडेतीनपर्यंत काहीही ठरवू नका. पुस्तक, पत्ते, झोप. चारला तोडणीवाले गोणी घेऊन येतात. ताडपत्रीवर फळं ओततात, हिरवी आणि काळी वेगळी काढतात आणि वजन होतं. मुलीला निवडायला बसू देतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी हसून जागा करून देतात. पाचच्या पुढे पल्पर सुरू होतो. तोडलेलं फळ त्याच दिवशी सोलावं लागतं. रात्रभर गोणीत राहिलं तर ते तापतं, आंबतं आणि तो वास बीला लागतो तो जात नाही. म्हणूनच हे काम नेहमी संध्याकाळी, दिवे लावून चालतं. फळं आधी पाण्यात पडतात, पोकळ आणि कीडकी वर तरंगतात ती काढून टाकतात. साल एकीकडे, बुळबुळीत गराने माखलेल्या बिया दुसरीकडे हौदात.

आता याच हौदाचा माग पुढचे दोन दिवस काढायचा. अरेबिकाचा गर सुटायला थंडीत 24 ते 36 तास लागतात. मंगळवारी सकाळी हौदापाशी जा : बिया अजून साबणासारख्या निसटतात, आंबूस-गोड वास येतो. बुधवारी सकाळी परत जा. मूठभर बिया पाण्याखाली चोळल्या की खड्यांसारख्या करकरतात, आणि ढिगात काठी खुपसून काढली तर भोक तसंच उभं राहतं. हीच धुण्याची वेळ. लवकर धुतलं तर गर चिकटून राहतो, उशीर झाला तर बियांना शिळा, कांद्यासारखा वास लागतो. धुतलेली बी मग खळ्यावर सात ते दहा दिवस वाळते. सतत हलवावी लागते आणि दव पडण्याआधी रोज संध्याकाळी ढीग करून झाकावी लागते. शेजारच्या कोपऱ्यात न सोलता अख्खी वाळवलेली फळंही असतील. मूठभर घेऊन कानाशी हलवा : आत बी खुळखुळली की वाळली, मुकी राहिली तर अजून दिवस बाकी.

या सगळ्याचा हिशेब मुलीला सांगण्यासारखा आहे. 100 किलो पिकल्या अरेबिका फळांतून हिरवी, न भाजलेली कॉफी जेमतेम 16-17 किलो निघते, आणि भाजल्यावर त्यातली सुमारे 14 किलो उरते.

मंगळवारी अकराला चाखणं (खाली सविस्तर). बुधवारी हौद पाहून झाला की दहाला बेलूरला निघा, तासाभराचा रस्ता आहे. होयसळ राजा विष्णुवर्धनाने 1117 मध्ये स्थापलेलं चेन्नकेशवाचं देऊळ दोन तासांत नीट पाहून होतं आणि आजींनाही झेपतं. मुळ्ळय्यनगिरी, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर, 1930 मीटर, या बेतात मुद्दाम घेतलेलं नाही. मूडिगेरेहून त्यात अख्खा दिवस जातो, वाहनांच्या संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे, आणि शेवटी पायऱ्यांची दमछाक. तेच हवं असेल तर मुक्काम चिकमगळूरजवळ घ्यावा. गुरुवारी सकाळी आठला निघालं की मंगळूरूची दुपारची परतीची गाडी आरामात मिळते.

फेरीत काय पाहायचं आणि कुठे थांबायचं

एकट्याने मळ्यात फिरायचं नाही, यात तडजोड नाही. मूडिगेरे, आल्दूर, सकलेशपूर भागात रानहत्ती मळ्यांतून ये-जा करतात, गवेही असतात. कॉफीची झुडपं डोक्याएवढी आणि दाट, त्यामुळे दहा पावलांवरचा हत्ती दिसत नाही. मळ्यातल्या लोकांना रात्री हत्ती कुठे होता याची खबर सकाळपर्यंत पोचलेली असते. म्हणून फेरी सकाळी साडेसातला, पहाटे नव्हे, आणि म्हणूनच पोचणं दुपारी चारच्या आत. ‘आज त्या बाजूला नको’ असं कुणी म्हणालं तर कारण न विचारता परत फिरावं. मळ्याबाहेरच्या जंगलवाटांना वनखात्याची परवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही.

फेरीत भराभर चालू नका. अरेबिका आणि रोबस्टा ओळखायला शिका : अरेबिकाचं पान लहान, गडद आणि चकचकीत, रोबस्टाचं मोठं, हाताच्या पंजाएवढं आणि लहरी असलेलं. वर बघा : सिल्व्हर ओक, फणस, उंबराच्या जातीची झाडं, खाली पांगारा. ही सावली शोभेची नाही. अरेबिकाच्या खोडात शिरणारा पांढरा खोडकिडा उन्हात तापलेल्या खोडावरच्या भेगांत अंडी घालतो. सावली विरळ झाली की त्याचं फावतं. कुठे खोडांना चुना फासलेला दिसेल, तोही त्याच्यासाठीच. एखाद्या पिवळ्या पडलेल्या झाडाच्या खोडावर हात फिरवून पाहा, सालीखाली फुगलेल्या कडा बोटांना लागतात. असं झाड उपटून जाळावंच लागतं.

मिऱ्यांचे वेल त्याच सावलीच्या झाडांवर चढवलेले असतात. घोसातला एखादा दाणा लालसर झाला की घोस काढायचा. डिसेंबरात ते बहुधा हिरवेच दिसतील. पिकलेलं कॉफीचं फळ विचारून, पुसून चाखा, गर गोड असतो. मात्र नुकती फवारणी झालेल्या भागात तोंडात काहीही टाकू नका. तोडणीवाल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्यांच्या राहत्या चाळींकडे, ज्यांना तिथे लाइन म्हणतात, फिरायला जाऊ नका.

चाखणं

सकाळी अकराची वेळ उत्तम. नाश्त्याचं तिखट जिभेवरून उतरलेलं असतं आणि रात्रीची झोप वाचते, कारण रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. हाताला डास पळवणारं मलम लावलं असेल तर साबणाने धुवून या. अत्तर नको.

मळ्यात विचारून चार नमुने मिळवा : धुतलेली अरेबिका, फळासकट वाळवलेली अरेबिका, रोबस्टा, आणि चिकोरी मिसळलेली फिल्टर पूड. चार सारखे काचेचे पेले, प्रत्येकात 10 ग्रॅम जाडसर पूड, वर 180 मिली पाणी. हजार मीटरवर पाणी 96-97 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबणं पुरे. चार मिनिटं हात लावू नका. वर साय धरते ती चमच्याने मोडा, नाक पेल्याशी नेऊन वास घ्या, फेस काढून टाका. मग आणखी सहा मिनिटं थांबा. गरम कॉफीत चव कळत नाही, फक्त जीभ भाजते. चमच्याने, आवाज करत, सुर्रकन ओढा. आजींच्या बशीतल्या चहासारखं. प्रत्येक पेल्यानंतर साधं पाणी आणि चपातीचा कोरा तुकडा.

धुतलेली अरेबिका आंबटसर, हलकी आणि स्वच्छ लागते. फळासकट वाळवलेली जड, गोडसर, कधी पिकल्या फणसाच्या अंगाने जाणारी. रोबस्टा कडू आणि दाट. चिकोरीची ओळख रंगावरून : पाणी लगेच काळपट-तपकिरी होतं आणि शेवटी जळक्या साखरेची चव मागे राहते. आता सगळे पेले पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा एक-एक चमचा घ्या. दोष इथेच उघडे पडतात : मातकट, कुबट चव आली तर वाळवण्यात हयगय झालेली, शिळा कांदा आला तर हौदात उशीर. मुलीला दूध-साखरेची वेगळी द्या, तिला यातलं काहीच आवडणार नाही.

विकत घेताना

मळ्यावर मिळणाऱ्या पाकिटांवर काही शब्द असतात. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. एए, ए, बी हे दाण्याच्या आकाराचे दर्जे आहेत, चवीचे नव्हेत. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल बी असलेली. किंमत जास्त असते, चव चांगली असेलच असं नाही.

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर विचारा, सांगता आली नाही तर घेऊ नका. कालच भाजलेली कॉफी घेतलीत तर घरी चार-पाच दिवस थांबून उघडा, आतला वायू निघून जायला तेवढा वेळ लागतो. घरी दळायची सोय असेल तर अख्खे दाणे, नसेल तर तुमच्या भांड्यासाठी दळून घ्या, पण मग 250 ग्रॅमहून जास्त नको. पूड उघडल्यावर दोन आठवड्यांत फिकी पडते. फिल्टर पूड घेताना चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असायलाच हवं, ते 49 टक्क्यांपर्यंत असू शकतं. मिरी घ्यायची तर तीही इथेच घ्या : ताजी मिरी बोटांत दाबली तर फुटत नाही, आणि पाण्यात टाकली तर बुडते. तरंगणारे दाणे जास्त दिसले की माल हलका समजावा.